४२.७ हे वस्तुमान नेमकं कोणाचं?

एका गणिताच्या फोटोसोबत हा संदेश फिरतोय: "फोटोतलं गणित बघा. MCl₂ प्रकारचा क्षार २.२२ ग्रॅम, पाणी १०० ग्रॅम, द्रावण −०.९६७ °C ला गोठतं, Kf १.८६. सूत्रात घाला, मोलर वस्तुमान ४२.७ येतं. उत्तरसूचीत छापलंय १११! सरळ छपाईची चूक. खाली ८०% विचरण दिलंय ते धरलं तरी ३ × ०.८ = २.४, म्हणजे १११ येतच नाही. आणि क्षार तुटतो तर वस्तुमान कमी व्हायला हवं, वाढेल कसं? तापमान उणे आहे ते वेगळंच, त्याने तर वस्तुमानही उणे येतं. सगळ्यांना पाठवा."

उत्तरसूची बरोबर आहे. कुठलंही सूत्र हातात घेण्याआधी एक वजाबाकी करून बघू. क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५, आणि या क्षारात क्लोरीन दोन, म्हणजे ७१ तिथेच गेले. अख्ख्या क्षाराचं वस्तुमान ४२.७ असेल तर धातूच्या वाट्याला उणे २८.३ येतात. १११ मधून ७१ काढले की ४० उरतात आणि कॅल्शियम समोर उभं राहतं. ही पडताळणी पाठीमागच्या कोऱ्या पानावर अर्ध्या मिनिटात होते, पण फोटो पुढे पाठवण्याच्या घाईत ती कोणी केलेली दिसत नाही.

तरी ४२.७ हा आकडा हवेतून आलेला नाही, आणि तो कशाचा आहे हे कळलं की बाकीचा गोंधळ बराचसा मिटतो. गोठणबिंदू किती खाली जाणार हे विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरतं. कण कोणता, जड की हलका, याच्याशी विरल द्रावणाला देणंघेणं नसतं. आता क्षाराची १०० एककं पाण्यात टाकली असं समजा. ८० तुटली, प्रत्येकातून एक धातूचा आयन आणि दोन क्लोराइड असे तीन कण निघाले, म्हणजे २४०. उरलेली २० एककं अखंड राहिली, ते २० कण. एकूण २६०. या सगळ्यांचं मिळून वस्तुमान मात्र १०० एककांइतकंच, म्हणजे १११०० आहे. त्याला २६० ने भागा: ४२.७.

म्हणजे ४२.७ हे द्रावणातल्या एका कणाचं सरासरी वस्तुमान झालं. त्यात क्लोराइड आहेत, कॅल्शियमचे आयन आहेत, अखंड एककंही आहेत. प्रश्नात मागितलंय क्षाराचं वस्तुमान. साखरेसारख्या न तुटणाऱ्या पदार्थाला हे दोन्ही एकच असतात, म्हणून तिथे साधं सूत्र चालून जातं. क्षाराला ते असं लिहावं लागतं:

M = i × Kf × w × 1000 / (ΔTf × W)

इथे w क्षाराचं आणि W पाण्याचं वस्तुमान, दोन्ही ग्रॅममध्ये. ΔTf म्हणजे गोठणबिंदूतली घट आणि Kf हा त्यासाठीचा पाण्याचा ठरलेला स्थिरांक. i म्हणजे व्हान्ट हॉफ गुणक, एका एककामागे सरासरी किती कण झाले तो आकडा. वरच्या मोजणीत २६० भागिले १००, म्हणजे २.६. मग ४२.७ × २.६ = १११.

"तुटतो तर वस्तुमान कमी व्हायला हवं" याचं उत्तरही यातच आलं. कमी व्हायचं ते आधीच झालेलं आहे! थर्मामीटरने तुटलेले तुकडे मोजले, म्हणून साध्या सूत्रातून आकडा लहान आला. गुणकाने गुणून आपण तो मूळ एककावर परत नेतो. पुन्हा भागलं तर १६.४ येईल, आणि त्यात अर्धा क्लोरीनसुद्धा बसणार नाही.

खरी फसवी चूक ३ × ०.८ ची आहे. मी कितीतरी वह्यांत ती पाहिली आहे, आणि ती पटकन पटते हीच अडचण. या गुणाकारात तुटलेल्या ८० एककांचे २४० कण मोजले गेले आणि न तुटलेली २० एककं गायब झाली. पण तीही पाण्यात आहेत आणि गोठणबिंदू खाली नेण्यात त्यांचाही वाटा आहे. हाच नियम शून्य टक्के विचरणाला लावून बघा: i शून्य येतो, म्हणजे साखरेच्या द्रावणाचा गोठणबिंदू मुळी उतरायलाच नको. बरोबर मांडणी अशी:

i = 1 + α(n − 1)

α म्हणजे विचरणाचं प्रमाण, n म्हणजे एका एककातून निघणारे आयन. १ + ०.८ × २ = २.६. गुणक २.४ घेतला तर वस्तुमान १०२.५ येतं, ७१ वजा केले की ३१.५, आणि त्या जागी द्विसंयुजी धातू नाही.

पण ही वजाबाकी दरवेळी वाचवेल असंही नाही. कोणी क्षार पूर्ण तुटला असं धरून ३ ने गुणलं तर १२८.१ मिळतात. ७१ गेले, उरले ५७.१. लोखंड ५५.८, कोबाल्ट ५८.९. माणूस म्हणेल, मापनात थोडं इकडेतिकडे झालं असेल, आणि चुकीचा धातू लिहून मोकळा होईल.

उणे वस्तुमानाचं थोडक्यात: सूत्रात तापमान जात नाही, तापमानातली घट जाते. ० − (−०.९६७) = ०.९६७, बस.

या गणितात शंका घ्यायला एक जागा मात्र आहे, ती दावा करणाऱ्याच्या नजरेतून सुटली: "८०% विचरण" हे शब्द. आर्‍हेनियसने १८८७ मध्ये क्षारांचं अंशतः विचरण मांडलं आणि i पूर्णांकापेक्षा कमी का येतो ते त्यावरून सांगितलं. कॅल्शियम क्लोराइडसारख्या क्षाराला ते चित्र लागू पडत नाही. तो पाण्यात जवळजवळ पूर्णपणे आयनांच्याच रूपात असतो. विरुद्ध भाराचे आयन एकमेकांना ओढतात, म्हणून त्यांचा परिणाम सुट्या कणांपेक्षा कमी दिसतो. हा हिशेब डिबाय आणि ह्युकेल यांनी १९२३ मध्ये मांडला. २.२२ ग्रॅमच्या या द्रावणात, म्हणजे ०.२ मोललला, गुणक खरोखरच २.६ च्या आसपास असतो. तेव्हा आकडा खरा, कारण जुनं.

आणि तो टक्का बाहेरूनच द्यावा लागतो. एकट्या गोठणबिंदूवरून फक्त M भागिले i कळतं. दोन्ही अज्ञात असतील तर वेगळे करता येत नाहीत. ८० च्या जागी ८५ टक्के धरले की i २.७ होतो आणि वस्तुमान ११५.३ वर जातं. द्रावण दहापट विरल करून i ला ३ च्या जवळ नेता येतं, पण मग घट जेमतेम ०.१ अंश उरते. तिथे थर्मामीटर ०.०१ अंशाने चुकला की वस्तुमानात दहा-अकराचा फरक पडतो.