गटाला कामं वाटणारा मेल लिहिताना

गटाच्या सादरीकरणात खरी अडचण येते ती सगळ्यांच्या स्लाइड एका फाइलमध्ये आणताना. माझं स्पष्ट मत आहे की टीम लीडने पहिला मेल त्या तासाचा विचार करूनच लिहावा.

समजा पाच जण आहेत, पंधरा मिनिटं आहेत आणि विषय आहे, ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवावं का. चौघांना तीन-तीन मिनिटं आणि तीन-तीन स्लाइड, सुरुवात आणि शेवट लीडकडे. पण ‘तू खर्च बघ’ एवढंच लिहिलं की कर्मचाऱ्यांची संख्या ‘सद्यस्थिती’वाला सांगतो आणि ‘खर्च’वालाही, तीही वेगवेगळी. म्हणून भागाची हद्द लिहा: "कर्मचारी किती हे दुसऱ्या भागात येईल. तिसरा भाग तोच आकडा घेऊन वाढीव पाळीचा खर्च काढेल आणि तिथेच थांबेल."

तारखा उलट्या मोजा. सादरीकरण सोमवारी सकाळी १० ला असेल, तर रविवारी तालीम, शनिवारी दुपारी १२ पर्यंत दुरुस्त्या, शुक्रवारी जोडणी. म्हणजे स्लाइड गुरुवारी रात्री ८ पर्यंत हव्यात. नुसतं ‘गुरुवारपर्यंत’ लिहू नका, कोणी त्याचा अर्थ गुरुवार सकाळ घेतो, कोणी मध्यरात्र. मेलमध्ये वार, तारीख आणि वेळ तिन्ही हवं.

आता फॉरमॅट. ‘फॉन्ट २४ ठेवा’ हा नियम अपुरा आहे, आणि हे फार जणांच्या लक्षात येत नाही. पॉवरपॉइंटची नेहमीची रुंद स्लाइड १३.३३ इंच असते, गूगल स्लाइड्सची १० इंच. दोन्ही १६:९ च, पण १० इंचावरचा २४ चा फॉन्ट पडद्यावर दुसरीकडच्या ३२ एवढा दिसतो. त्यामुळे मापाचे नियम लिहीत बसण्यापेक्षा रिकामी टेम्प्लेट फाइल मेलला जोडा आणि "याच फाइलमध्ये काम करा" असं सांगा. फाइलचं नावही ठरवून द्या, उदाहरणार्थ `03_Kharch_v1.pptx`.

एक नियम मात्र शब्दांत लिहायलाच हवा: शीर्षक टेम्प्लेटमधल्या शीर्षकाच्या चौकटीतच टाइप करायचं, वेगळा टेक्स्ट बॉक्स काढून नाही. जोडताना `Use Destination Theme` निवडलं की चौकटीतलं शीर्षक थीमप्रमाणे जागेवर बसतं, सुटा बॉक्स जिथे होता तिथेच राहतो. हे तपासणं सोपं आहे. `View` मधून `Outline View` उघडा. ज्या स्लाइडपुढे शीर्षक दिसत नाही, तिथे बहुतेक सुटा बॉक्सच असतो. गुरुवारी रात्री फाइल आल्या आल्या हे बघा आणि चुकलेली फाइल लगेच परत पाठवा. दुरुस्ती ज्याची त्यानेच करावी, लीडने बारा स्लाइड रात्रभर नीट करत बसू नये.

हे सगळं लांबलचक परिच्छेदात नको. वर चार ओळींचा तक्ता: नाव, भाग, हद्द, मुदत. खाली दोन नियम आणि शेवटी एक मागणी: "उद्या संध्याकाळी ६ पर्यंत आपला भाग आणि त्याची हद्द स्वतःच्या शब्दांत लिहून उत्तर द्या." नुसतं ‘ओके’ आलं तर हद्द समजली का, हे कळत नाही.