फक्त दोन शब्द, ताई!

मी नर्स आहे, नाशिकची, आणि बोलायला लागले की थांबत नाही हे आमच्या वॉर्डातल्या पेशंटलासुद्धा माहितीये. अशा बाईला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत, रीडिंगमध्ये सांगतात, गाळलेल्या जागी दोन शब्दांपेक्षा जास्त लिहायचं नाही. अहो, मला कुणी वेळ विचारली तरी मी आधी घड्याळ कुठून घेतलं ते सांगते!

यूकेत नर्सिंग रजिस्ट्रेशनला अकॅडेमिक रीडिंगमध्ये सात बँड लागतो, म्हणजे चाळीसपैकी साधारण तीस बरोबर. क्लासच्या मॉक टेस्टमध्ये मला आले सत्तावीस. गेलेल्या तेरातले दहा खरंच येत नव्हते, त्याचं दुःख नाही. पण तीन उत्तरं मला येत होती हो, पॅसेजमध्ये बोट ठेवून दाखवली असती!

पॅसेज होता जुन्या दीपगृहांवर. त्यात वाक्य होतं, 'द व्हेल ऑइल वॉज स्टोअर्ड इन कॉपर टँक्स बिलो द स्टेअर्स.' प्रश्नात हेच फिरवून, 'कीपर्स केप्ट देअर फ्युएल इन ______.' आता व्हेल ऑइल म्हणजेच फ्युएल आणि स्टोअर्ड म्हणजेच केप्ट हे ओळखणं ही खरी परीक्षा, आणि ते मी ओळखलं, आणि एवढ्या आनंदात लिहिलं 'द कॉपर टँक्स'. झाले की तीन शब्द. तो 'द' कुठून आला मलाच ठाऊक नाही, आपण नाही का पाहुण्याला चहाबरोबर न मागता बिस्किट देतो, तसा आला. शून्य.

मी सरांशी भांडले. सर म्हणाले, "ताई, जास्तीचे शब्द चालवले तर कुणीही अख्खं वाक्य उतरवून काढेल, त्यात उत्तर कुठेतरी असणारच. मग नेमकं सापडलंय की नाही, कळणार कसं?" पटलं, पण मी तसं दाखवलं नाही. शेजारच्या मुलीने तर 'कॉपर टँक' लिहिलं होतं, एस खाल्ला, तिलाही शून्य, कारण रिकाम्या जागेआधी 'अ' नाहीये, मग एकच टँक तिथे व्याकरणात बसत नाही. म्हणजे भरल्यावर पूर्ण वाक्य एकदा मनात वाचायचं, कानाला खटकलं की समजायचं काहीतरी राहिलंय.

मग मी डोकं लावलं. सर म्हणाले होते की हायफनने जोडलेला शब्द एकच धरतात, 'लॉन्ग-टर्म' एक शब्द. म्हटलं आपण 'लार्ज कॉपर टँक्स' असलं काही आलं तर मध्ये हायफन टाकून सगळं एकाला एक जोडू, लोकलच्या डब्यांसारखं. सर शांतपणे म्हणाले, "हायफन पॅसेजमध्ये असला तरच. तुम्ही जोडायचा नाही."

दुसऱ्या ठिकाणी उत्तर होतं नुसतं 'सॉल्ट'. पण मर्यादा दोन शब्दांची ना, मग एकच लिहिलं तर कंजूषपणा वाटेल म्हणून मी लिहिलं 'सी सॉल्ट'. पॅसेजमध्ये सी कुठेच नव्हता, मी घरून आणला होता. दोनपेक्षा जास्त नको याचा अर्थ दोन पाहिजेतच असा नसतो, हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळलं.

आणि तिसरं उत्तर, मेंटेनन्स. शब्द समोर छापलेला, नुसता बघून उतरवायचा. पण मी कशाला बघतेय, मला येतो ना! 'मेंटेन'मध्ये टीनंतर ए आय, म्हणून मेंटेनन्समध्येही टीनंतर ए आय घातला. तिथे असतो फक्त ई. एका अक्षरावरून अख्खा मार्क गेला, अर्धा वगैरे देत नाहीत. आणि तपासायला वेळ तरी कुठला, साठ मिनिटांत तीन पॅसेज आणि चाळीस प्रश्न, रीडिंगला उत्तरं उतरवायला वेगळी मिनिटं मिळत नाहीत, त्यातच सगळं बसवायचं.

घरी आले तर फ्रीजवर सोसायटीचं बिल चिकटवलेलं. त्यावर मेंटेनन्स, टीनंतर ए आय. म्हणजे सात वर्षं मी रोज दूध काढताना चुकीचं स्पेलिंग पाठ करत होते! आता माझी प्रॅक्टिस घरात चालू आहे. ह्यांनी विचारलं, "डब्यात काय?" मी म्हटलं, "भेंडीची भाजी." ते दोन मिनिटं पुढचं ऐकायला थांबले, मग कपाळाला हात लावून म्हणाले, "ताप आहे का गं?"

रविवारी मात्र राहवलं नाही, लाल पेन घेऊन सोसायटीच्या नोटीस बोर्डावरचं ते स्पेलिंग दुरुस्त करून आले, वर शून्य मार्कही दिला. संध्याकाळी सेक्रेटरी काका दारात. म्हटलं आभार मानायला आले असतील. काकांनी कागद पुढे केला आणि म्हणाले, "दोन महिने थकलेत."

मी सॉरी म्हणाले. एकच शब्द.