पैलवानाचे तीनशे

रविवारी रात्री साडेनऊला शटर अर्ध्यावर येतं आणि शिवाजी पेठेतल्या आमच्या सलूनमध्ये दिवसातलं सगळ्यात जोखमीचं काम सुरू होतं. मानेवर वस्तरा फिरवणं त्यामानानं सोपं, तिथं मान तरी जागची हलत नाही. हिशेबातली रक्कम हलते.

आबांच्या काळी गल्ला टेबलावर पालथा करायचा, नोटा मोजायच्या, की दुकान बंद. आता पैसा रोख येतो, क्यूआर कोडवर येतो, कार्डावरही येतो. कार्डाचं एक बरं, मशीनची दिवसाची स्लिप काढली की बेरीज समोर. बँकेत ती दुसऱ्या दिवशी कमिशन कापून जमा होते, म्हणून ताळा स्लिपशी घालायचा, पासबुकाशी नाही. त्या दिवशी कार्डाचे १,५०० चोख लागले. खरी कुस्ती उरलेल्या दोघांशी होती.

गल्ल्यात सकाळी सुट्ट्यासाठी १,००० ठेवले होते. बिलबुकात रोखीची बेरीज ६,२००. चहा आणि ब्लेडला गेले ३००. म्हणजे गल्ल्यात ६,९०० हवेत. निघाले ६,५५०.

"साडेतीनशे कमी," मी म्हटलं.

खुर्च्या पुसणाऱ्या दोन्ही कारागिरांचे हात थांबले. आबांनी चष्मा काढून आळीपाळीनं तिघांकडं बघितलं. त्या तिघांत मीही होतो.

मग अ‍ॅप उघडलं. बिलबुकाप्रमाणं ऑनलाइन १०,७५० यायला हवे होते, आले होते ११,०००. इकडं ३५० कमी, तिकडं २५० जास्त.

"मग शंभरच कमी की! तुझ्या खिशातलं टाक आणि चल जेवायला," आबा म्हणाले.

ही सूचना मोहात पाडणारी असते आणि बरीच दुकानं तिच्यावरच चालतात. पण उलटसुलट चुका एकमेकींना पोटाशी धरून बसतात. बेरीज शंभरानं चुकली म्हणजे घोटाळा शंभराचाच, असं नसतं. मी अ‍ॅपमधली यादी वेळेप्रमाणं लावली आणि बिलबुक शेजारी ठेवून एकेका रकमेवर टिक करत निघालो.

संध्याकाळी पावणेसातला बिल २०० चं आणि अ‍ॅपवर ५००.

"त्यो पैलवान वो," थोरला कारागीर म्हणाला. "गंगावेशीत दूध कट्ट्यावर निघालावता. म्हणाला, पाचशे मारतो, तीनशे रोख द्या."

"मग लिहायचं नाही?"

"लिहायचं काय त्यात? त्येचंच पैसं त्येला दिलं."

तर्कात खोट काढता येईना. पण गल्ल्यातून ३०० गेले आणि तेवढेच ऑनलाइन जादा आले. ते दोन्हीकडं मांडल्यावर रोख फक्त ५० कमी राहिली. आणि मघापर्यंत २५० नं जास्त असलेलं ऑनलाइन एकदम ५० नं कमी झालं! आबांनी जेवायची आशा सोडली आणि बाकावर आडवे झाले.

पुढं फेशियलचं बिल ४५०, अ‍ॅपवर ५००. इथं धाकटा कारागीर फडकं जरा जास्तच जोरात झटकू लागला. वरचे ५० ही त्याची टीप. ती ऑनलाइन आली, तेवढी त्यानं गल्ल्यातून उचलली. हक्काचीच होती, फक्त लिहिली कुणी नव्हती. आता रोख तंतोतंत, ऑनलाइन १०० कमी.

म्हणजे बिलबुकात ऑनलाइन लिहिलेलं, पण अ‍ॅपमध्ये नसलेलं एखादं बिल हवं. शेवटून तिसरं सापडलं, दाढीचे १००.

"मोबाईल दाखवला की त्येनं," धाकटा म्हणाला.

"स्पीकर बोलला का?"

"ड्रायर चालू हुता."

गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर गोल फिरत असतं, ते घाईत असतं, आपल्याला ते 'झालं' वाटतं. आपल्या अ‍ॅपमध्ये नोंद दिसेपर्यंत काहीही झालेलं नसतं. गिऱ्हाईक ओळखीचं होतं, फोन लावला. त्याच्या खात्यातून पैसे गेले होते, आमच्याकडं पोचले नव्हते. व्यवहाराचा बारा आकडी नंबर जपून ठेवायला सांगितला. दुकानदाराला पोचल्याची खात्री न झालेली रक्कम बँकेनं पाच दिवसांत आपणहून गिऱ्हाइकाला परत करावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तोवर आमच्या वहीत त्याच्या नावावर उधारी १००. खिशातले शंभर टाकले असते, तर ही उधारी कुणाच्याच ध्यानात आली नसती.

पावणेअकराला मी पेन ठेवलं.

"लागला हिशेब?" आबा उठून बसले.

"लागला. गल्ला बरोबर आहे. ऑनलाइन शंभर यायचे आहेत."

आबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हंजे पयलंबी शंभरच कमी हुतं, आत्ताबी शंभरच कमी हाईत. मग सव्वा तास काय केलंस?"

थोरल्यानं शटर खाली ओढता ओढता विचारलं, "मालक, उद्या पैलवानाला रोख द्यायची का न्हाई?"

"द्या. पण बिलाच्या मागं लिहा, 'रोख दिली ३००'."

"आन् त्यो चारशे मागाय लागला तर?"