पहिला मेसेज, उत्तर न मागता

"ताई, नवऱ्याची मुलगी चौदा वर्षांची आहे. आमचं लग्न झाल्यापासून पंचवटीत आजोळी जाऊन बसलीय, माझ्याशी एक शब्द बोलत नाही. तिला पहिला मेसेज काय लिहू?"

मावसबहिणीने सोबत कच्चा मसुदाही पाठवला होता: 'बाळा, मी तुझ्या आईची जागा घेणार नाही, पण मला तुझी मैत्रीण व्हायचंय. तू अशी वागलीस की बाबांना किती वाईट वाटतं! घरी कधी येतेस? रिप्लाय कर प्लीज.'

एका दमात चार मागण्या. मैत्रीण हो, बाबांचं मन सांभाळ, घरी ये, उत्तर दे. पहिलं वाक्यसुद्धा दिसतं तेवढं निरुपद्रवी नाही. जागा घेणार नाही म्हणताना ती जागा रिकामी झालीय, हे आपणच मुलीला ऐकवतो.

मी लीड्सला एका शाळेत मुलांच्या घरच्या अडचणी ऐकायचं काम करते. अशा मुलांचा राग नव्या माणसावरच असतो असं नाही. त्याच्याशी हसून बोललं तर गेलेल्या आईशी दगा केल्यासारखं वाटतं. म्हणून नवी बाई आवडायला लागली की काही मुलं जास्तच तुसडेपणाने वागतात, आणि घरच्यांना वाटतं, केलेलं सगळं पाण्यात गेलं.

नाशिकच्या आमच्या घरात यावर ठाम मतं आहेत. मावशीचं म्हणणं, "मेसेज कसले पाठवता? घरी आणा, आई म्हणायची सवय लावा, चार दिवसांत रुळेल." काका स्वतःचंच घेऊन बसतात: "मला सावत्र आईने वाढवलं, मला कुणी विचारलं होतं?" (विचारलं नाही, हे ते सत्तरीतही विसरलेले नाहीत.) शिवाय कैकेयीमुळे घडलेल्या वनवासाच्या खुणा जिथे पाहुण्यांना हौसेने दाखवतात, त्या पंचवटीत ही मुलगी राहतेय. सावत्र आई कशी असते, हे तिला बाहेरून शिकवायची गरज नाही.

इकडे उलटा प्रकार. माझा एक सहकारी बायकोच्या मुलासोबत बरीच वर्षं राहतोय. मुलगा त्याला नावाने हाक मारतो. शिस्तीचं, अभ्यासाचं तो पूर्णपणे बायकोवर सोडतो, आणि ते बरोबरच आहे. नात्याआधी धाक आला की नातं होतच नाही. पण तो इतका बाजूला राहिला, की मुलाला वाटत राहिलं, याला माझ्याशी काही देणंघेणं नाही. मोकळीक द्यायच्या नादात इथे माणसं घरातले भाडेकरू होतात. मावशीचं म्हणूनच मला अर्धं पटतं: मुलं गप्पांनी कमी आणि सोबत मटार सोलताना जास्त जवळ येतात. फक्त ते पहिल्या दिवशी होत नाही, महिन्यांनी होतं, कधी वर्षांनी.

हक्काची भाषा तर सोडूनच द्यावी. आपला १९५६ चा हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा नैसर्गिक पालकांमध्ये सावत्र आई-वडिलांना धरत नाही, आणि इंग्लंडमध्येही नुसत्या लग्नाने मुलाची कायदेशीर जबाबदारी मिळत नाही.

तर मी तिला हे लिहून पाठवलं:

'मी तुझ्या बाबांची बायको, पण मला काय म्हणून हाक मारायची ते तू ठरव, नाही मारलीस तरी चालेल. आईचा फोटो आणि तिचं कपाट होतं तिथेच आहे, मी हात लावलेला नाही. रविवार सकाळ बाबांची आणि तुझीच, मी मध्ये येणार नाही. याला उत्तर लिहायची गरज नाही.'

यात प्रश्न नाही, बदाम नाही, 'बाळा' नाही. वचनं दोनच, आणि पाळता येतील अशी. कपाट खरंच रिकामं करायचं ठरलं असेल, तर ते वाक्य काढून टाक म्हणून तिला बजावलं. मुलीला नंतर कळलं तर सगळाच मेसेज खोटा ठरेल.

आधी बाबांनी मुलीला समोर बसून सांगायचं की असा मेसेज येणार आहे. चाचणी परीक्षेच्या आठवड्यात पाठवायचा नाही, आईच्या तिथीच्या आसपास तर नाहीच. निळ्या टिका दिसल्या आणि उत्तर नाही आलं, तरी दुसरा मेसेज नाही. सगळ्यात वाईट म्हणजे, बाबांनी शेजारी बसवून लिहून घेतलेलं 'थँक्यू मावशी'. असं गुळगुळीत उत्तर आलं, तर आधी बाबांशी बोलावं लागेल. बरं चाललंय हे वेगळ्याच गोष्टींवरून कळतं: रविवारी बाबांसोबत घरी येऊन ती स्वतःचं एखादं पुस्तक विसरून जाते, किंवा डबा कुणी केला म्हणून विचारते.

एका गोष्टीवर आमचं अजून एकमत नाही. बहिणीला वाटतं, दहावी होईपर्यंत मुलीला आजोळीच राहू द्यावं. मला भीती वाटते की तेवढ्या काळात तिच्याशिवायच घराची घडी बसेल आणि परत येताना ती पाहुणी असेल. बाबांनी अजून मत दिलेलं नाही. मुलीला तर कुणी विचारलेलंच नाही.