‘चिंता’ हा शब्द लिहिला नाही म्हणून दीड गुण गेले

“आकलनाच्या प्रश्नात उत्तरसूचीतले महत्त्वाचे शब्द आले नाहीत तर उत्तर चूकच धरावं. शब्द बदलला की अर्थ बदलतो. ‘स्वतःच्या शब्दांत’ लिहिलेल्याला गुण द्यायला लागलो तर प्रत्येक तपासनीस वेगळे गुण देईल, आणि अनुमानाच्या प्रश्नाला काहीही लिहिलं तरी बरोबर म्हणावं लागेल. ज्याला समजलंय त्याला नेमके शब्द सुचतातच.”

हा मजकूर महिनाभरात पाच-सहा जणांकडून आला आणि मी दरवेळी सोडून दिला. परवा तो माझ्या धाकट्या बहिणीने पाठवला. खाली तिने लिहिलं होतं, ‘ताई, हे वाचून पटलं. पोर उगाच रडत बसली होती, मी तिलाच ओरडले.’ सोबत भाचीच्या पेपरचा फोटो. भाषेचे पेपर मी बरीच वर्षं तपासते आहे. त्या पोरीला ओरडा खावा लागला हे कळल्यावर मला गप्प बसवेना.

आधी तिचा पेपर बघू. उताऱ्यात नीता नावाची मुलगी आहे आणि मोती हा तिचा कुत्रा. प्रश्न ज्या ओळींवर आहे त्या अशा: ‘दाराशी साखळी तशीच पडली होती. वाडग्यातल्या दुधावरची साय मोडलेली नव्हती. “हात धू आणि जेवायला बस,” आई म्हणाली. “आधी ओढ्यापर्यंत जाऊन येते,” म्हणत नीता पायऱ्या उतरली. जाताना तिने दोनदा शीळ घातली.’ प्रश्न आहे, नीता न जेवता बाहेर का गेली? गुण दोन. उत्तरसूचीत लिहिलंय: ‘मोती घरी न परतल्यामुळे नीताला चिंता वाटत होती.’

भाचीने लिहिलं, ‘दुधावरची साय मोडली नव्हती म्हणजे मोती आलाच नव्हता. म्हणून ती त्याला बघायला गेली.’ मिळाला अर्धा गुण. समासात लाल पेनाने शेरा: ‘चिंता?’ तिच्या मैत्रिणीने लिहिलं, ‘नीताला खूप चिंता वाटत होती म्हणून ती जेवली नाही.’ तिला दोन गुण.

ही दोन उत्तरं शेजारी ठेवून वाचा. आता उतारा हाताने झाका आणि फक्त प्रश्न वाचून उत्तर लिहून बघा. ‘नीता न जेवता बाहेर का गेली?’ एवढ्यावरूनच कुणीही लिहील की तिला चिंता वाटत असेल, कारण गोष्टीतलं माणूस न जेवता उठलं की ते बहुधा चिंतेत असतं, नाहीतर रुसलेलं असतं. मैत्रिणीचं उत्तर उतारा न वाचता लिहिता येतं. तिने वाचला नाही असं मी म्हणत नाही, पण वाचला आणि समजला याचा पुरावा त्या उत्तरात नाही. भाचीचं उत्तर मात्र उतारा झाकून लिहिता येणारच नाही. मोती आला नाही हे उताऱ्यात कुठेही म्हटलेलं नाही. साय मोडली नाही म्हणजे दूध कुणी प्यायलं नाही, दूध प्यायलं नाही म्हणजे मोती आला नाही, आला नाही म्हणून ती शोधायला निघाली, हे धागे तिने स्वतः जोडले. अनुमानाचा प्रश्न विचारतात तो हे बघायलाच. ‘चिंता’ हा शब्द लिहिला नाही म्हणून तिला कमी दिलं, आणि धागे जोडले नाहीत तरी तो शब्द लिहिला म्हणून दुसरीला पूर्ण दिलं. मोजायचं होतं ते मोजलंच गेलं नाही.

शब्द जुळवून तपासणं नुसतं कडक असतं तर एक वेळ समजून घेतलं असतं. पण ते चुकीच्या दिशेने कडक आहे. मुलं हे फार लवकर ओळखतात. पुढच्या पेपरात भाची साय-बिय लिहिणार नाही. ती ‘चिंता’, ‘दुःख’, ‘आनंद’, ‘पश्चात्ताप’ यांतला एक शब्द टाकेल आणि मोकळी होईल. अशी उत्तरं मी गठ्ठ्याने तपासली आहेत. चौथीतल्या मुलांपासून दहावीच्या मुलांपर्यंत सगळीकडे ती भावनेच्या एका शब्दावर संपतात.

आता कुणी म्हणेल की हे माझं मायेपोटीचं मत आहे. म्हणून एक ठाम दाखला देते. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ‘पिसा’ ही पंधरा वर्षांच्या मुलांची चाचणी अनेक देशांत होते, आणि 2000 सालच्या पहिल्या फेरीत वाचन हाच मुख्य विषय होता. त्यात ग्राफिटीबद्दलची, म्हणजे न विचारता दुसऱ्याच्या भिंतींवर केलेल्या रंगकामाबद्दलची, दोन पत्रं होती. हेल्गा ते पुसायला शाळेची भिंत चौथ्यांदा रंगवावी लागते म्हणून चिडलेली, आणि सोफिया त्या रंगकामाची बाजू घेणारी. सोफिया मध्येच जाहिरातींबद्दल बोलते आणि विचारते, मोठे फलक लावणाऱ्यांनी तुमची परवानगी घेतली होती का? प्रश्न होता, सोफिया जाहिरातींचा उल्लेख का करते?

हा प्रश्न तपासण्याची मार्गदर्शिका प्रसिद्ध झालेली आहे. तिच्यात ‘हे शब्द हवेत’ असं नाही, कल्पना दिली आहे: रंगकाम आणि जाहिरात यांची तुलना चालली आहे हे ओळखलं पाहिजे, किंवा हा रंगकामाचा बचाव करण्याचा मार्ग आहे हे ओळखलं पाहिजे. त्याखाली मुलांच्या उत्तरांचे नमुने आहेत. जाहिरातही तितकीच घुसखोर असते, असं म्हणणाऱ्याला गुण. जाहिरात म्हणजे कायद्याने चालणारं रंगकाम, असं म्हणणाऱ्यालाही गुण. इतकंच काय, फलक लावताना तुमची परवानगी घेत नाहीत, एवढंच लिहिणाऱ्यालाही गुण, कारण तुलना त्यात न बोलता आलेली आहे. गुण नाहीत ते ‘आपला मुद्दा मांडण्याची ती एक पद्धत आहे’ अशा उत्तराला. ते वाक्य खोटं नाही, पण जगातल्या कुठल्याही पत्राला लागू पडतं. शुद्धलेखन आणि व्याकरण यांच्या चुका अर्थ झाकोळत नसतील तर सोडून द्या, असंही तिथे तपासनिसांना सांगितलेलं असतं, कारण ती वाचनाची परीक्षा असते, लेखनाची नाही.

‘काहीही बरोबर म्हणावं लागेल’ ही भीती इथेच संपायला हवी होती. तरी नीताकडे परत येते. ‘तिला भूक नव्हती’ हे उत्तर चूक आहे. सूचीत नाही म्हणून नव्हे, तर साय, साखळी आणि शीळ या तिन्हींचं त्यात काहीच होत नाही म्हणून. ‘ती आईवर रुसली होती’ हेही चूक, कारण ‘आधी जाऊन येते’ म्हणणारी मुलगी परत येऊन जेवणार आहे. ‘ती ओढ्यापर्यंत गेली’ ही उताऱ्यातली ओळ उचललेली आहे, तिला गुण नाहीत. ‘मोती सापडत नव्हता, त्याला कुणी पळवलं असेल असं तिला वाटलं’ हे लिहिणाऱ्याला मी पूर्ण गुण देते. पळवल्याला आधार नाही, पण ते मूळ अनुमान मोडत नाही. ‘मोती दूध पिऊन पळाला’ असं लिहिलं असतं तर दिले नसते, कारण मोडलेली नसलेली साय ते खोटं पाडते. प्रत्येक वेळी निर्णय उताऱ्याने दिला, सूचीतल्या शब्दाने नाही.

तपासनिसागणिक गुण बदलतील हा मुद्दा अर्धा खरा आहे आणि तेवढा मी मानते, जरा नाखुशीनेच. सैल तपासणीत एक खरा धोका असतो, तो म्हणजे मुलाने न केलेलं अनुमान तपासनीस स्वतः करून टाकतो. ‘मोतीमुळे’ एवढाच शब्द लिहिलेला असतो आणि आपण मनात म्हणतो, त्याला हेच म्हणायचं असणार. थकव्यात आणि ओळखीच्या अक्षरापुढे हे माझ्याकडूनही झालं आहे. पण त्यावरचा उपाय शब्द मोजणं नाही. तपासायला बसण्याआधी उत्तराचे भाग ठरवून लिहून ठेवायचे. इथे दोनच आहेत: मोती परतला नाही हे ओळखलं का, आणि नीताच्या जाण्याशी ते जोडलं का. एकेक गुण. मग एक मुलगा एक पेपर असं न तपासता सगळ्या पेपरांतला हा एकच प्रश्न आधी सलग तपासायचा. पहिल्या पंधरा-वीस पेपरांत न सुचलेली दोन-तीन उत्तरं निघतातच. त्यांचा निर्णय एकदा करायचा, सूचीच्या खाली लिहायचा आणि मागचे पेपर पुन्हा उघडून तोच निर्णय तिथेही लावायचा. शेवटी काही पेपर सहकाऱ्याला आपले गुण न दाखवता तपासायला द्यायचे. मोठ्या चाचण्यांमध्येही एकच उत्तर दोघांकडून असं स्वतंत्र तपासून घेतात. जिथे फरक पडतो तिथे बहुतेक वेळा भाग नीट लिहिलेला नसतो.

आणि हो, काही ठिकाणी शब्द खरंच महत्त्वाचा असतो. ‘उताऱ्यातला समानार्थी शब्द शोधा’ किंवा ‘कोणत्या साली?’ अशा प्रश्नांत दुसरा शब्द चालत नाही. स्वभाव विचारला असेल तर ‘ठाम’च्या जागी ‘हट्टी’ लिहिणाऱ्याने माणूसच बदलला. त्याचे गुण मी कापते. पण अशा प्रश्नांचा नियम उचलून अनुमानाच्या प्रश्नावर लादायचा, एवढंच त्या मजकुरात केलं आहे.

समजलेल्याला नेमके शब्द सुचतातच, या वाक्यावर मी फार वेळ घालवणार नाही. ‘नेमके’ म्हणजे सूची लिहिणाऱ्याला सुचलेले. तीच सूची दुसऱ्याने लिहिली असती तर तिथे ‘काळजी’ किंवा ‘धास्ती’ आलं असतं, आणि ‘चिंता’ लिहिणाऱ्या मुलीच्या समासात लाल प्रश्नचिन्ह पडलं असतं.

बहिणीला मी एवढंच कळवलं आहे: पेपर घेऊन बाईंना भेट, आणि गुण मागू नकोस. साय मोडली नव्हती या ओळीवर बोट ठेव आणि विचार, या ओळीवरून काय कळतं? त्या जे सांगतील ते पोरीच्या उत्तराशेजारी ठेवून दाखव. आणि त्याआधी घरी पोरीला जवळ घेऊन सांग की तिचं उत्तर बरोबर होतं.