धारोष्ण दुधाचा आग्रह आता सोडा

आमच्या घरी धार काढताना लेकराने पितळी पेला घेऊन गाईजवळ उभे राहायचे आणि फेसाळ, कोमट दूध तिथेच प्यायचे, ही तीन पिढ्यांची रीत होती. गेल्या वर्षी माझ्या सात वर्षांच्या पुतण्याच्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आली. ती दुखत नव्हती, त्याला खोकलाही नव्हता, म्हणून दोन महिने आम्ही हळदीचा लेप लावत बसलो. शेवटी वर्ध्याला सुईने गाठीतले पाणी तपासले, तेव्हा क्षयरोग निघाला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "कच्चे दूध पितो का?"

गुरांच्या क्षयाचा जंतू दुधातून पोटात जातो, म्हणून तो बहुधा छातीत न दिसता मानेच्या गाठींत किंवा आतड्यांत दिसतो. पुतण्याला तो गाईकडूनच आला, असे नेहमीच्या तपासणीवरून ठामपणे सांगता येत नाही. तरीही आम्ही गाय तपासून घेतली. पशुवैद्यकांनी मानेवरचे केस भादरून कातडीची जाडी मोजली, कातडीतच ट्युबरक्युलिन हे क्षयाच्या तपासणीचे द्रव्य ०.१ मिलिलीटर टोचले आणि ७२ तासांनी पुन्हा मोजले. जाडी ४ मिलिमीटरने किंवा त्याहून जास्त वाढली तर गाय बाधित धरतात. आमच्या गाईची ७ ने वाढली होती. ती गाय चांगली अंगाने भरलेली होती आणि वेळेला आठ लिटर दूध देत होती, हे मला अजूनही खटकते, कारण खोकला आणि खंगणे हे फार उशिरा दिसते आणि तोवर आपण जनावर निरोगी समजून चालतो.

हा जंतू मारायला दूध ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद राहावे लागते. चुलीजवळ तापमापक कोणाकडे असणार? म्हणून उकळी हीच खूण धरावी. गंजाच्या कडेला बुडबुडे आले म्हणजे दूध उकळले असे नव्हे. ते वर चढले की ढवळून खाली बसवावे आणि पुन्हा एकदा चढू द्यावे. विरजण लावायचे दूधही आधी असेच उकळावे, कारण दह्याच्या आंबटपणाने हा जंतू मरेलच असे नाही.

उकळल्याने दूध सुरक्षित होते, कोठा नव्हे. बाधित गाईच्या श्वासातून बंद कोठ्यातल्या इतर गुरांना आणि धार काढणाऱ्यालाही लागण होऊ शकते, म्हणून आम्ही तिला वेगळ्या मांडवात बांधले आणि कालवडीला तिचे दूध पाजणे थांबवले.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपणहून त्यांना सांगावी. क्षयाच्या सुरुवातीच्या चार औषधांपैकी पायराझिनामाइड या गुरांच्या जंतूवर मुळातच चालत नाही. त्यामुळे घरी गाय आहे आणि लेकरू कच्चे दूध प्यायले आहे, हे केसपेपरवर पहिल्याच दिवशी लिहून घ्यायला लावा.