ऑर्डरी होत्या, नफा नव्हता

"रोज ऑर्डरी येत होत्या म्हणता, मग धंदा बुडाला कसा?"

हॉलमध्ये एका पोराला हा प्रश्न विचारला गेला, तेव्हा मी तिथेच होतो. ऑनलाइन चादरी विकणाऱ्या त्या पोराने अपयशावर गोडगोड न बोलता फळ्यावर हिशोबच मांडला, तेवढं लक्षात राहिलं. सोलापुरी चादर ऑनलाइन ७०० रुपयांना, पैसे माल घरपोच मिळाल्यावर. खरेदी ५००, कुरिअर १२० (चादर जड, भाडं वजनावर), पॅकिंग २०. म्हणजे सुटायचे ६०. पण गिऱ्हाईकाने दारातून पार्सल परत पाठवलं की जायचे १२०, पॅकिंगचे २० आणि परतीचे १००, म्हणजे २४०. एक परत आलेली चादर चार विकलेल्या चादरींचा नफा खाते. पाचात एक परत आली तरी हातात शून्य, आणि त्याच्याकडे शंभरात २५ यायच्या. ७५ वर ४,५०० मिळाले, २५ वर ६,००० गेले. परत आलेली घडी मळलेली असली तर नव्या भावात जातही नाही, तो तोटा वेगळाच.

तो रोज मोबाईलवर ऑर्डरींचा आकडा बघून खूश व्हायचा. पोचलेल्या पार्सलांचा आकडा वेगळा मांडला तो पाच महिन्यांनी, कारखानदाराने उधारी बंद केल्यावर. आता तो पाठवण्याआधी फोन करतो आणि १०० रुपये आगाऊ घेतो. ऑर्डरी निम्म्यावर आल्या म्हणाला, पण परत येणाऱ्या शंभरात सात-आठच.

माझं स्वतःचं टॉवेलचं दुकान आहे, घरी येऊन पहिल्यांदा माझी परतीची वही काढली.